रंग तोच, अर्थ निराळा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात अकोले येथे केलेले भाषण)



चिटणिसांनी मजकडे येऊन चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी कोणी पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालो आणि मुलांना बाराखडी व पाढे शिकविता शिकविता निवृत्त झालो. परंतु गेल्या वैशाखात आमच्या घरी एक लग्न झाले आणि त्या मांडवात एका पांढऱ्या साडीवरून जो गोंधळ उडाला, त्याने मला विचार करावयास लाविले. तोच विचार आज आपणांपुढे मांडतो. विषय आहे आपल्या मंगलकार्यांतील चार रंगांचा : हिरवा, पिवळा, तांबडा आणि पांढरा. लग्नात ज्या क्रमाने हे रंग येतात, त्याच क्रमाने मी ते घेणार आहे.

लग्न माझ्या पुतण्याच्या मुलीचे. मुलगी पुण्यास नोकरीला असते. तेथेच तिचा एका बंगाली मुलाशी परिचय झाला, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी संमती दिली आणि कार्य अकोल्यास करावयाचे ठरले. लग्नाच्या आधी मुलाकडून भेटीची तबके आली. बंगाल्यात अशा तबकांना ‘तत्त्व’ म्हणतात. त्यांत मिठाई होती, वस्त्रे होती आणि एक रेशमी साडीही होती. साडी पांढरी, काठ तांबडे. ती पाहताच आमच्या घरातील वडील बायका गप्प झाल्या. एक वृद्ध नातेवाईक तर उघडच म्हणाल्या, “लग्नाच्या घरात पांढरे लुगडे? ह्यांना काही शकुन-अपशकुन आहे की नाही?” तो प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून आपण लग्नाच्या पहिल्या रंगापासून आरंभ करू.

पहिला रंग हिरवा. लग्नाच्या आदल्या दिवशी कासार घरी येतो आणि नवरीच्या हातात हिरव्या काचेचा चुडा भरतो. कोणाकडे हाताला सात बांगड्या, कोणाकडे अकरा. संख्येचा नियम घरोघर निराळा, पण रंगाविषयी मात्र दुमत नाही. पुढे त्या मुलीला दिवस गेले की डोहाळजेवणास हिरवी साडी, हिरवा खण, हिरवी चोळी. चुड्यातील एखादी बांगडी पिचली तर ‘फुटली’ असे आपण म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणतो. शब्दाचीही इतकी काळजी आपण घेतो, ती का? पेरलेले उगवते, श्रावणात डोंगर हिरवा होतो, तसा संसार वाढावा, हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. परंतु एवढाच अर्थ असता तर पुढील गोष्टीचा उलगडा होत नाही. पती हयात असताना एखादी स्त्री निवर्तली, तर आपण तिला अहेव मरण आले असे म्हणतो, तिला हिरवे लुगडे नेसवितो, हिरव्या बांगड्या भरतो, ओटी भरतो आणि कपाळी मळवट भरून तिला निरोप देतो. म्हणजे हिरवा रंग केवळ आनंदाचा नव्हे, कारण त्या दिवशी घरात आकांत असतो. तो रंग एकच गोष्ट सांगतो : ‘हिचा पती जिवंत आहे.’ बोहल्यावर तो तेच सांगतो आणि तिरडीवरही तेच सांगतो.

आता महाराष्ट्राची सीव ओलांडून पाहा. कर्नाटकात हिरव्या बांगड्यांचा मान आपल्यासारखाच आहे. पण पंजाबात जा. तेथे नवरीच्या हातात हिरवा चुडा नाही. तेथील चुडा तांबडा आणि पांढरा. पूर्वी तो हस्तिदंताचा असे, आता बहुधा प्लास्टिकचा असतो. तो दूध घातलेल्या पाण्यात धुऊन मग हातात चढवितात. बंगाल्यात नवरीच्या हातात शंखाची पांढरी बांगडी आणि तिच्या जोडीला पोवळ्याची तांबडी बांगडी, म्हणजे शांखा आणि पोला. आपल्या हिरव्या चुड्याचे काम तेथे ही जोडी करते. उत्तरेत हिरव्या बांगड्या नाहीत असे नाही. श्रावणातील हरियाली तीजेला तेथील स्त्रिया हौसेने हिरवे नेसतात आणि हिरव्या बांगड्या भरतात. पण तो ऋतूचा रंग झाला. सौभाग्याची खूण तेथे दुसरीकडे आहे.

दुसरा रंग पिवळा. पाच सुवासिनी जात्याला खण बांधून हळकुंडे दळतात, आधी नवरदेवाला हळद लागते आणि त्याची उरलेली उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे जाते. अंगाला हळद लागली की नवरानवरीने एकट्याने घराबाहेर पडावयाचे नाही, हा दंडक आपण सर्वांनी पाळलेला आहे. मुलीचे लग्न करून देणे याला आपण ‘हात पिवळे करणे’ म्हणतो. नंतर लग्नविधीस नवरी पिवळे वस्त्र नेसते. त्याला अष्टपुत्री म्हणतात, आणि पुष्कळ घरांत ते मुलीच्या मामाने आणावयाचे असते.

या मामापाशी मला थोडे थांबावयाचे आहे. गुजराथी लग्नात नवरी जे पानेतर नेसते, ते पांढरे रेशमी वस्त्र असून त्याचे काठ तांबडे, बांधणीचे असतात, आणि ते आणतो मुलीचा मामा. पंजाबी नवरीच्या हातातील तांबडा-पांढरा चुडा चढवितो तोही मामाच. आता या तीन घरांकडे एकत्र पाहा. आपल्याकडे वस्त्र पिवळे, गुजराथेत पांढरे, पंजाबात वस्त्र नसून बांगड्या, त्याही तांबड्या. रंग तीन, वस्तू दोन, पण आणणारा हात एकच, आईच्या भावाचा. बहिणीची लेक परक्या घरी चालली असता माहेर तिच्या पाठीशी उभे आहे, हे सांगण्यासाठी तो पुढे येतो. रंग हे त्या सांगण्याचे त्या त्या प्रांतातील अक्षर आहे. ‘क’ हे अक्षर मराठीत एका वळणाने काढतात, बंगालीत दुसऱ्या वळणाने काढतात, म्हणून काही उच्चार बदलत नाही. मी मास्तर असल्यामुळे मला हीच उपमा सुचते, त्याबद्दल क्षमा असावी.

आमच्या मांडवातही हेच घडले. पांढऱ्या साडीने रुसलेल्या आमच्या बायका हळदीच्या दिवशी अंगणात बसल्या होत्या. इतक्यात मुलाकडील मंडळी एका वाटीत वाटलेली हळद घेऊन आली. ती काय म्हणून विचारता त्यांनी सांगितले की, ही मुलाच्या अंगाला लावून उरलेली हळद, आमच्याकडे ती मुलीला लावण्याचा प्रघात आहे, त्याला ‘गाये होलुद’ म्हणतात. हे ऐकताच त्या वृद्ध नातेवाईक, ज्यांनी शकुन-अपशकुनाचा प्रश्न केला होता, त्याच उठून म्हणाल्या, “अगो बाई, ही तर आपली उष्टी हळद!” आणि त्यांनी ती वाटी स्वतःच्या हाताने घेतली. हजार मैलांवरची माणसे एका हळदीने घरची झाली.

तिसरा रंग तांबडा, म्हणजे कुंकवाचा. हा पिवळ्याहून अगदी वेगळा आहे असे आपण समजतो, पण तसे नाही. शाळेत मी मुलांना एक प्रयोग करून दाखवीत असे. बशीत चिमूटभर हळद पाण्यात कालवावी आणि तीत पानाला लावतो तो चुना थोडा मिसळावा. हळद पाहता पाहता तांबडी होते. मग त्यातच लिंबू पिळावे, ती पुन्हा पिवळी होऊ लागते. साडीवरचा हळदीचा डाग साबण लावताच तांबडा होतो, हा भगिनींचा रोजचा अनुभव आहे, तोही याच कारणाने. जुन्या रीतीने कुंकू करीत, ते हळदीपासूनच. मात्र चुन्याचा रंग आंबटाने उतरतो, म्हणून कुंकवाच्या हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार यांची पुटे देतात, त्याने तांबडेपणा टिकतो. तेव्हा हळद आणि कुंकू ही दोन नावे आपण एका दमात घेतो, ते योग्यच आहे. ती एकाच कंदाची दोन रूपे आहेत.

तांबड्यातही पुन्हा भेद आहे. उत्तरेकडील स्त्रिया भांगात सिंदूर भरतात. बिहारात छठपूजेच्या वेळी तर नाकाच्या शेंड्यापासून भांगापर्यंत नारिंगी सिंदुराची रेघ ओढतात. आपल्याकडे शेंदूर हा शब्द आहे, वस्तूही आहे, पण तिची जागा मारुतीच्या आणि म्हसोबाच्या अंगावर. आपल्या तालुक्यातील डोंगरगावांत वाघबारशीला वाघोबाच्या दगडाला शेंदूर फासतात, तो आपण पाहतोच. आपल्या एखाद्या सुनेच्या भांगात कोणी शेंदूर घातला तर सासू घाबरून जाईल. तिकडे तोच भांग रिकामा दिसला तर सासू घाबरते.

आता राहिला चौथा रंग पांढरा, ज्यावरून सारा गोंधळ झाला. आमच्या नातेवाईकांचे म्हणणे असे की, पांढरा हा वैधव्याचा रंग. तो तसा पुष्कळ ठिकाणी आहे, हे खोटे नाही. बंगाल्यातही विधवेला बिनकाठाचे पांढरे वस्त्र असे. पण त्याच पांढऱ्याला तांबडा काठ लागला की ते सवाष्णीचे पूजेचे वस्त्र होते, आणि आमच्याकडे आलेली साडी ती होती. केरळात तर नवरीचे परंपरेचे वस्त्र म्हणजे सोनेरी काठाचे पांढरट वस्त्रच. इतके दूर कशाला? आपल्या घाटघरच्या कड्यावर उभे राहिले की खाली कोकण दिसते. त्या बाजूस उत्तरेकडे जव्हार-डहाणूच्या मुलखात वारली लोक राहतात. त्यांच्या घरी लग्न निघाले की सुवासिनी गेरूने व शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात आणि त्यात पालघट देवीला बसवितात. तो पांढरा चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. तेथे पांढरा म्हणजे तांदूळ, तांदूळ म्हणजे अन्न, आणि अन्न म्हणजे भरलेले घर. आपला अंतरपाट तरी कोणत्या रंगाचा असतो? पांढराच, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक. त्या पांढऱ्या वस्त्राच्या दोन बाजूंस उभे राहूनच आपण सर्वांनी लग्ने केली.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. विधवेचा रंग पांढरा, असे जर शास्त्र असेल, तर आपल्याच महाराष्ट्राने ते मोडलेले आहे. पूर्वी ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेला जे आलवण नेसवीत, ते तांबडे असे. जो तांबडा रंग पंजाबात नवरीच्या हाती शोभतो, तोच तांबडा पुण्याच्या वाड्यात त्या अभागी जिवाच्या अंगावर असे. आणि जो पांढरा बंगाल्यात विधवेच्या वाट्यास येतो, तोच गुजराथेत आणि केरळात नवरीच्या अंगावर शोभतो. बंधूंनो, यावरून एकच निष्कर्ष निघतो. अपशकुन रंगात नाही, तो रंगाने कोणाला तरी वेगळे काढण्याच्या आपल्या इच्छेत आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हिरवा चुडा, हळद, कुंकू ही सारी स्त्रीच्या पतीची वर्दी देतात. पुरुषाची पत्नी वारली तर त्याच्या अंगावरचा कोणता रंग उतरतो? एकही नाही. त्याचा फेटा तोच, त्याच्या कपाळीचा गंध तोच. तो दुसऱ्या दिवशी कोणाच्याही मांडवात पुढे बसू शकतो.

आता मी माझी स्वतःची चूक सांगणार आहे, कारण तीवाचून हे भाषण अपुरे राहील. माझी थोरली बहीण, आमच्या आक्का, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतल्या. माझ्या मुलीला त्यांनीच वाढविले. माझी पत्नी वारंवार आजारी असे, त्यामुळे मुलीची वेणीफणी, दुखणीखुपणी, रात्रीची जागरणे, सारे आक्कांच्या हातून झाले. इसवी सन २००५ साली त्या मुलीचे लग्न झाले. हळदीच्या दिवशी मुलीने आक्कांचा हात धरून त्यांना पाटापाशी आणले. त्या वेळी जमलेल्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणाले, “त्यांनी हळद लावू नये.” आक्कांनी ते ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत. हात सोडवून घेऊन माजघराच्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या आणि तेथून पाहत राहिल्या. मी तेथेच उभा होतो. मी मास्तर, मुलांना समतेचे धडे देणारा. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. लोक काय म्हणतील, व्याही काय म्हणतील, मुलीचे काही वाईट झाले तर, असे नाना विचार मनात आले. त्या दाराआडच्या आक्का मला आजही दिसतात.

पुढे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गावाने ग्रामसभेत एक ठराव केला. पती निवर्तल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढून घेणे या प्रथा गावात बंद कराव्यात, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचे अनुकरण करण्यास सुचविले. मी ती बातमी वाचली, आक्कांना वाचून दाखविली. त्या इतकेच म्हणाल्या, “माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा मनगट कापले होते, त्याचा वण अजून आहे.” आणि त्यांनी हात पुढे केला. इतक्या वर्षांत मी तो वण पाहिला नव्हता.

ठरावाने सर्व काही होते असे मात्र मी समजत नाही. कुंकू पुसू नये असे गाव म्हणू शकते, पण मांडवात कोणाच्या हाती हळदीची वाटी द्यावयाची, हे गाव ठरवीत नाही, घर ठरविते. शिवाय काही वृद्ध भगिनींना स्वतःलाच आता कुंकू लावावेसे वाटत नाही. ज्यांचे आयुष्य त्या नियमात गेले, त्यांच्यावर कुंकवाची जबरदस्ती करणे हीदेखील एक प्रकारची सक्तीच होईल. कोणता रंग ल्यावा, हे त्या स्त्रीने ठरवावे, आपण केवळ वाट मोकळी ठेवावी.

गेल्या वैशाखातील त्या लग्नात उष्टी हळद नवरीला लावण्याची वेळ आली, तेव्हा आक्का सवयीने मागे सरू लागल्या. त्यांचे वय आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. या खेपेस मी पुढे झालो आणि म्हणालो, “आक्का, पहिली हळद तुम्ही लावा.” मांडवात क्षणभर शांतता पसरली. मग त्याच वृद्ध नातेवाईकांनी, ज्यांनी बंगाली हळदीची वाटी हाती घेतली होती, ती वाटी आक्कांच्या पुढे धरली. आक्कांचा हात थरथरत होता. हळद नवरीच्या गालाला कमी आणि पाटावर अधिक सांडली. त्यांनी कुंकू मात्र लावून घेतले नाही, नको म्हणाल्या, आणि आम्ही आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी ती पांढरी, तांबड्या काठाची साडी नवरीने देवदर्शनास जाताना नेसली आणि अगस्ती ऋषींच्या दर्शनास आम्ही सारे मिळून गेलो. मुलाच्या आईने मजपाशी येऊन विचारले की, हिच्या हातात आमचा शांखा-पोला चढविला तर चालेल काय? हिरव्या चुड्याशेजारी जागा होती. आता त्या मुलीच्या हातात तिन्ही रंग आहेत.

माझ्या मंडळास एक नम्र सूचना करून मी खाली बसतो. आपले मंडळ दरवर्षी संक्रांतीनंतर हळदीकुंकवाचा समारंभ करते. त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘सर्व सुवासिनींना आग्रहाचे निमंत्रण’ असे छापलेले असते. येत्या वर्षापासून त्या जागी ‘ज्ञातीतील सर्व भगिनींना’ असे छापावे. तिळगूळ आणि वाण सर्वांना द्यावे, हळद आणि कुंकू ज्यांना हवे त्यांना लावावे. शब्द एकच बदलावयाचा आहे, छपाईचा खर्च वाढणार नाही. परंतु दाराआड उभ्या असलेल्या किती आक्का त्यामुळे अंगणात येतील, याचा हिशेब आपण प्रत्येकाने आपल्या घरी करून पाहावा.